तुळस तीच, कुंडी वेगळी: उन्हाळ्यातल्या पाण्याचा उलटा हिशेब

“उन्हाळ्यात तुळस वाचवायची असेल तर हे लक्षात ठेवा. मातीच्या कुंडीत माती थंड राहते आणि पाणी धरून ठेवते, म्हणून दोन दिवसांआड पाणी पुरे. प्लास्टिकची कुंडी तापते, पाणी उडून जातं, तिला सकाळ-संध्याकाळ पाणी हवंच. चिनी मातीची कुंडी पण शेवटी मातीचीच, तिला मातीचाच नियम. बाहेरगावी जाताना बशीत पाणी भरून ठेवा, आठवडाभर काळजी नाही.”

इंदूरच्या मराठी घरांमध्ये हा मेसेज एप्रिल लागला की फिरायला लागतो. लोकमान्य नगरपासून सुदामा नगरपर्यंत ज्यांच्या ओट्यावर किंवा गच्चीत तुळस आहे, त्यांतले बरेच जण तो मनापासून पाळतात. पाळणाऱ्यांच्या मातीच्या कुंडीतल्या तुळशी वाळतात आणि प्लास्टिकमधल्या कुजतात, म्हणून एकेक मुद्दा नीट बघू.

मातीची कुंडी थंड असते हे अगदी खरं आहे. ती थंड का असते, हे मात्र मेसेज लिहिणाऱ्याने विचारलेलं नाही. माठ ज्या कारणाने थंड होतो, त्याच कारणाने ती थंड होते: भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेरच्या अंगावर येतं, हवेत उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. म्हणजे हाताला लागणारा गारवा हीच पाणी जात असल्याची खूण आहे. माळव्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी ठणठणीत असते, पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारभर वारा वाहतो. मातीच्या भिंतीतून पाणी ओढून घ्यायला याहून सोयीची हवा नाही.

किती फरक पडतो, याचा अंदाज साध्या मापांवरून येतो. तोंडाशी 20 सेंटिमीटर, तळाशी 14 आणि उंचीला 18 सेंटिमीटर अशी नेहमीची आठ इंची कुंडी घ्या. वरून दिसणाऱ्या मातीचं क्षेत्रफळ सुमारे 315 चौरस सेंटिमीटर भरतं आणि भोवतीच्या भिंतीचं जवळजवळ 970. प्लास्टिकच्या कुंडीत पाणी उडायला फक्त वरचा गोल मिळतो. मातीच्या कुंडीत त्याच्या तिप्पट जागा आणखी उघडी असते. म्हणून पाणी चौपट वेगाने जातं असं नाही, कारण भिंतीतून झिरपायला वेळ लागतो आणि आतली माती भिंतीलगत सुकली की तो ओघ मंदावतो. पण मातीच्या कुंडीला पाणी कमी लागावं, असं या हिशेबात कुठेच बसत नाही.

पुरावा तुमच्या गच्चीतच आहे. जुन्या मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरा थर चढलेला दिसेल. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे तो जास्त जाड असतो. पाण्यात विरघळलेले क्षार पाण्याबरोबर भिंतीतून बाहेर आले, पाणी उडून गेलं आणि क्षार तिथेच राहिले. प्लास्टिकच्या कुंडीला बाहेरून असा थर कधी चढत नाही. तिच्यातले क्षार आत, मातीच्या वरच्या थरात आणि काठाला जमतात.

इथे एक अपवाद नोंदवायलाच हवा. कुंडीला गेरू लावला असेल तर छिद्रं बहुतेक उघडीच राहतात. पण दिवाळीत हौसेने बाहेरून ऑइल पेंट दिला असेल, तर ती कुंडी नावालाच मातीची. पाण्याच्या बाबतीत तिला प्लास्टिकच्या रांगेत बसवा.

प्लास्टिक तापतं याबद्दलही वाद नाही. काळी, पातळ कुंडी पश्चिमेच्या उन्हात असेल तर त्या बाजूची मुळं खरोखर भाजतात. पण तापलेल्या भिंतीतून पाणी बाहेर जाऊ शकत नाही. वरच्या मातीतून आणि पानांतून थोडं जास्त जातं, एवढंच. घोटाळा असा होतो की दुपारी दोनला तुळशीची पानं मान टाकतात, माणूस हळहळून तांब्याभर पाणी ओततो, आणि खाली माती आधीच ओली असते. गरम, ओली आणि हवा न खेळणारी माती म्हणजे मुळं कुजण्याची पुरेपूर सोय. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, त्यामुळे पानं आणखी मलूल होतात आणि त्यावर पुन्हा पाणी पडतं. सकाळ-संध्याकाळ पाणी घालायच्या सल्ल्याने सगळ्यात जास्त तुळशी याच चक्रात जातात.

ओळखायचं कसं? दुपारचं झाड बघून काही ठरवू नका, सकाळी सातच्या आत बघा. रात्रीतून पानं ताठ झाली असतील तर तो नुसता उन्हाचा ताण होता, पाण्याची घाई नाही. सकाळीही मलूल असेल तर बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर तहान आहे. ओलं लागलं, खालची पानं पिवळी पडून गळत असली, खोडाचा बुंधा काळपट झाला असला किंवा मातीला आंबूस वास येत असला तर मुळं गेली आहेत. पाणी ताबडतोब थांबवा आणि कुंडी सावलीत न्या. तापण्यावरचा इलाज पाणी नाही, भिंतीला सावली देणं हा आहे. काळी कुंडी दुसऱ्या कुंडीच्या आड ठेवा किंवा एखाद्या मोठ्या कुंडीत उतरवून ठेवा. झाडाला ऊन मिळू द्या, कुंडीला नको.

चिनी मातीच्या कुंडीबद्दलचा नियम दिसायला तर्कशुद्ध आहे आणि म्हणूनच फसवतो. तिच्यावरची चकाकी हा काचेचा थर असतो आणि त्यातून पाणी जात नाही. आतून ती कोरी असली तरी बाहेरची काच वाट अडवते. त्यामुळे ती प्लास्टिकसारखी वागते, फक्त जाड आणि जड असल्यामुळे सावकाश तापते. शंका असेल तर कोरड्या कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पाण्याचा थेंब सोडा. तो मुरून डाग गडद झाला तर मातीचा नियम, ओघळून गेला तर प्लास्टिकचा. आणि विकत घेतानाच उलटी करून बघा: शोभेच्या कित्येक कुंड्यांना भोक नसतं, किंवा करंगळीही जाणार नाही एवढंच असतं. बिनभोकाच्या कुंडीत तुळस थेट लावू नका. प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती आत ठेवा आणि पाणी घालायच्या वेळी बाहेर काढा.

आता प्रत्यक्ष किती दिवसांनी पाणी घालायचं? वार ठरवून घालण्यापेक्षा कुंडी तोला. सामान तोलायचा लटकवायचा काटा चालतो. तळातून पाणी निथळेपर्यंत पाणी द्या, तासाभराने वजन घ्या आणि पुढे रोज सकाळी त्याच वेळी घ्या. एक ग्रॅम घट म्हणजे एक मिलिलिटर पाणी गेलं, दुसरं काही जाण्यासारखं त्यात नाही. समजा, प्लास्टिकची कुंडी निथळल्यावर 4.4 किलो भरली आणि सकाळीही तुळस मलूल दिसायला लागली तेव्हा 3.4 किलो होती. म्हणजे कामाचं पाणी एक लिटर. त्यातलं अर्धं संपलं की, म्हणजे काटा 3.9 वर आला की, पाणी घालायचं. मे महिन्यात ती रोज 250 ग्रॅम उतरत असेल तर एक दिवसाआड पाणी झालं. शेजारी तेवढ्याच मापाची मातीची कुंडी, तीच माती, तेवढीच तुळस, आणि ती रोज 500 ग्रॅम उतरत असेल तर तिला रोज पाणी. झाड दोन्हीकडे साधारण सारखंच पितंय, वरचा फरक भिंतीचा आहे. तुमचे आकडे वेगळे येतील, पण कोणती कुंडी आधी हलकी होते ते बदलणार नाही. आठ-दहा दिवस तोललं की हाताला अंदाज बसतो आणि काट्याची गरज उरत नाही.

हे अंतर बारा महिने सारखं राहत नाही. जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की हवाच ओली होते, भिंतीतून उडणं मंदावतं आणि मातीच्या कुंडीवर हिरवं शेवाळ धरतं. तेव्हा दोन्ही कुंड्यांतला फरक जेमतेम उरतो. थंडीत तुळशीची वाढ थांबते आणि प्लास्टिकमधली माती कित्येक दिवस ओली राहते. जानेवारीत गेलेल्या तुळशीचं खापर थंडीवर फोडण्याआधी तिची मुळं उपसून बघा. कुंडीच्या मापाचाही भाग आहे. सहा इंची कुंडीत आतल्या मातीच्या मानाने भिंत फार, म्हणून फरक तीव्र. सोळा इंचीत तो बराच बोथट होतो.

मातीची कुंडी वापरणाऱ्यांना आपल्या काळ्या मातीमुळे आणखी एक अडचण येते. ही माती सुकली की आकसते, आणि मातीच्या कुंडीत ती भिंतीलगत आधी सुकते. मग काठाला बोटभर नाही तरी नखभर फट पडते. वरून पाणी ओतलं की ते त्या फटीतून सरळ खाली जाऊन भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं, पोटभर पाणी मिळालं. आतला गोळा मात्र कोरडाच असतो. पाणी ओतताक्षणी खालून निघालं तर हेच झालंय समजा. अशी कुंडी पाण्याच्या टबात काठापर्यंत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. पुढच्या वेळी माती भरताना काळ्या मातीत निम्मं कंपोस्ट आणि थोडी भरड वाळू मिसळा. आणि कोरी करकरीत मातीची कुंडी लावणीच्या आधी काही तास पाण्यात बुडवा, नाहीतर ती आधी झाडाच्या वाटणीचं पाणी पिते.

राहिली बशी. मातीची कुंडी बशीतलं पाणी तळातून वर ओढते आणि भिंतीतून उडवते, त्यामुळे मे महिन्यात उथळ बशी आठवडा काढत नाही. प्लास्टिक आणि चिनी मातीच्या कुंडीत तेच पाणी दिवसेंदिवस तळाशी साचून राहतं आणि खालची मुळं कुजवतं. शिवाय डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवडाभर गावाला जायचं असेल तर निघायच्या दिवशी सकाळी कुंड्या भरपूर पाणी देऊन निथळू द्या, बशा पालथ्या घाला आणि सगळ्या कुंड्या सावलीत, वाऱ्याच्या आड, एकमेकींना चिकटून ठेवा. तुळशीच्या मंजिऱ्या आणि वरचे कोवळे शेंडे खुडून टाका, पानं कमी म्हणजे खर्च कमी. मातीच्या कुंड्या मोठ्या प्लास्टिकच्या टोपलीत ठेवून भोवती ओली वाळू भरा, म्हणजे भिंतीतून पाणी हवेत जायची वाट बुजते. एवढं करूनही मे महिन्यात मातीची छोटी कुंडी सात दिवस निभावेल अशी खात्री धरू नका. तेवढ्या एका कुंडीसाठी शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवून जा.