रतीब लावताना हमी कशाची मागायची?

"शुद्ध दूध फ्रीजबाहेर दिवसभर ठेवलं तरी नासत नाही, आणि त्यावर बोटभर साय येते. शुद्ध तूप रवाळच असतं, तळहातावर ठेवलं की विरघळतं आणि दोन हजारांच्या खाली मिळूच शकत नाही. गोठेवाल्याने १०० टक्के शुद्ध, ए-टू, केमिकल-फ्री अशी लेखी हमी दिली तरच रतीब लावा."

सासवडजवळ आमचा गोठा आहे. सात गाई, चार म्हशी, आणि हडपसर भागात शेहेचाळीस घरी रतीब. दर शनिवारी रात्री पुढच्या आठवड्याच्या दुधा-तुपाबद्दल मी ग्राहकांना चार ओळी पाठवतो. वरचा मजकूर यातल्या निम्म्या लोकांनी तरी मला पाठवला असेल. तुमच्या शनिवारच्या मजकुरात अशी हमी का नसते, असंही काहींनी मोकळेपणाने विचारलं. त्याचं हे उत्तर.

टिकण्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात सगळ्यात जास्त नुकसान आहे. कासेतून येणारं दूध ३७-३८ अंशांचं असतं, आणि जंतू वाढायला याहून सोयीचं तापमान नाही. सडं कितीही स्वच्छ धुतली तरी थोडे जंतू दुधात जातातच. ते साखरेचं आम्ल करतात. ताज्या दुधाची आम्लता साधारण ०.१४ टक्के असते. ती ०.२ च्या वर गेली की दूध चवीला अजून बरं लागत असलं, तरी गॅसवर ठेवल्यावर फाटतं. म्हणजे शुद्ध दूध उघड्यावर नासणारच, तो त्याचा धर्म आहे. उन्हाळ्यात ओट्यावर दिवसभर ठेवूनही जे फाटत नाही, त्या दुधाबद्दल मला शंका येईल. आंबट व्हायला लागलेल्या दुधात खायचा सोडा टाकला की आम्ल मारलं जातं आणि ते उकळताना फाटत नाही. तुमच्या मजकुरातल्या कसोटीला सोडा घातलेलं दूध उतरतं आणि माझं निखळ दूध नापास होतं.

हे आमच्याकडे घडलंय. गेल्या मे महिन्यात एका रात्री वीज गेली आणि बर्फ झालाच नाही. एरवी पाचची धार काढली की कॅन बर्फाच्या पाण्याच्या हौदात बुडवतो, अधूनमधून ढवळतो, आणि तासाभरात दूध १० अंशांच्या खाली आणतो. त्या दिवशी ते २८ अंशांवरच गाडीत चढलं. आठपर्यंत घरोघरी पोचलं आणि दुपारपर्यंत नऊ घरांतून फोन आले. एका आजींनी विचारलं, "दुधात काय घातलंत हो?" आम्ही काहीच घातलं नव्हतं. ज्यांनी घेतल्या घेतल्या तापवलं त्यांचं एकाचंही नासलं नाही. ज्यांच्याकडे पिशवी अकरापर्यंत ओट्यावर होती, त्यांचंच फाटलं. संध्याकाळी मी कॅन उलटे करून बघितले. एका झाकणाच्या रबरी कड्याखाली जुन्या दुधाचा पिवळट थर बसला होता, नखाने खरवडला तर आंबट वास आला. गरम दूध आणि हा थर, दोन्ही एका दिवशी जुळून आलं. त्या आठवड्याच्या मजकुरात हे सगळं लिहिलं, नऊ घरांचे पैसे वळते केले, आणि तेव्हापासून झाकणाची रबरं रोज काढून सोड्याच्या गरम पाण्यात धुतो. शुद्धतेची हमी त्या दिवशीही शंभर टक्के खरी होती, आणि तिचा कोणालाही उपयोग झाला नाही.

सायीचं वेगळं आहे. साय म्हणजे वर आलेलं फॅट आणि त्याला धरून ठेवणारी प्रथिनं. आमच्या गाईच्या दुधाला फॅट ४ च्या आसपास लागतं, म्हशीच्या दुधाला ७. त्यामुळे गाईच्या दुधावर बोटभर साय यायची नाही, त्यात पाण्याचा थेंब नसला तरी. सकाळ-संध्याकाळच्या धारेतही फरक पडतो. दोन धारांमधलं अंतर कमी असलं की फॅट चढतं, म्हणून आमचं संध्याकाळचं दूध थोडं दाट असतं. एकाच धारेत पहिल्या चिळकांड्या पातळ आणि शेवटच्या घट्ट असतात. वासराला कधी पाजलं यावरही कॅनमधलं फॅट हलतं. शिवाय भांडं पसरट असेल, दूध मंद आचेवर तापलं असेल आणि न हलवता निवलं असेल तर साय जाड येते. याउलट पिशवीतल्या होमोजनाइज्ड दुधात फॅटचे कण बारीक फोडलेले असतात, त्यावर साय कमी येते, म्हणून ते भेसळीचं ठरत नाही.

कोणी म्हणेल, लॅक्टोमीटर लावा. तो आम्हीही लावतो, पण त्याचं मर्यादित काम समजून घेतलं पाहिजे. तो दुधाची घनता सांगतो. पाण्याने घनता उतरते आणि साय काढल्याने चढते. दोन्ही गोष्टी एकाच दुधावर केल्या तर आकडा जागच्या जागी राहतो. म्हणून फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ, दोन्ही मोजावं लागतं. आमच्या गावातल्या संकलन केंद्रावर ते मशिनवर एका मिनिटात होतं, आणि दर शनिवारी मी तेच दोन आकडे लिहितो.

आता तूप. दिवाळीच्या आधी मी एक प्रयोग केला. एकाच कढईतलं, एकाच वेळी कढवलेलं गाईचं तूप दोन बरण्यांत भरलं. एक बरणी गोधडीत गुंडाळून फडताळात ठेवली, दुसरी थेट फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी पहिलीत सुरेख रवा पडला होता आणि दुसरीतलं तूप मेणासारखं गुळगुळीत होतं. रवा हा निवण्याच्या वेगाचा खेळ आहे. कोमट अवस्थेत, २८-३० अंशांजवळ तूप सावकाश निवलं की उशिरा वितळणारं फॅट आधी दाणे धरतं. म्हशीच्या तुपाचा दाणा मोठा, गाईच्या तुपाचा बारीक. मे महिन्यात दोन्ही पातळ होतात आणि रवा तळाला बसतो. तळहाताचंही तसंच: हाताची ऊब तीसच्या वर असते, आणि तिथे वनस्पती तूपसुद्धा सुटायला लागतं.

मग भेसळ ओळखायची कशी? घरी नक्की ओळखता येत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. वनस्पती तुपात कायद्याने तिळाचं तेल घालावं लागायचं. ते का, तर तेवढ्यासाठीच, की तुपात मिसळलं तर आम्लाच्या चाचणीत लाल रंग यावा. पण पाम तेल किंवा जनावरांची चरबी मिसळली तर ही चाचणी गप्प बसते. प्रयोगशाळा आरएम मूल्य पाहते. तुपातली लहान साखळीची आम्लं किती आहेत ते त्यातून कळतं, आणि अ‍ॅगमार्कच्या सर्वसाधारण मर्यादेनुसार ते किमान २८ असावं लागतं. त्यातही मेख आहे. गाईंना सरकीची पेंड जास्त घातली तर अस्सल तुपाचंही आरएम मूल्य उतरतं आणि तूप कडक होतं. म्हणूनच सरकीच्या पट्ट्यातल्या तुपासाठी अ‍ॅगमार्कने वेगळ्या मर्यादा ठेवल्या. त्यामुळे तुपाच्या मजकुरात मी पेंड कोणती चालू आहे ते लिहितो. हिरवा चारा सुरू झाला की तूप पिवळं होतं आणि उन्हाळ्यात कडब्यावर फिकट पडतं, हेही आधीच कळवतो.

किमतीचा हिशेब करून दाखवतो. ४ फॅटच्या एक लिटर दुधात साधारण ४१ ग्रॅम फॅट. विरजण लावून, घुसळून, लोणी कढवून तूप केलं तर थोडं ताकात जातं, थोडं बेरीत राहतं. आम्हाला किलोमागे २८ लिटर लागतात. ७० रुपयांनी धरले तर १,९६० रुपये, गॅस आणि मजुरी वेगळी. ताक आम्ही गोठ्यावरच वाटून टाकतो, म्हणून आमचं तूप महाग पडतं. मोठी डेअरी मात्र दुधातून आधी साय वेगळी काढते, उरलेलं दूध किंवा त्याची पावडर विकते, आणि तुपाच्या वाट्याला फक्त फॅटची किंमत येते. तिचं तूप निम्म्या भावात बसू शकतं आणि तरीही पूर्ण अस्सल असू शकतं. भाव हा पद्धतीचा पुरावा आहे, भेसळीचा नाही.

ए-टूबद्दल थोडक्यात. ए-वन आणि ए-टू हे बीटा-केसिन या दुधातल्या प्रथिनाचे प्रकार आहेत. तूप ९९ टक्क्यांहून जास्त फॅट आहे, त्यात प्रथिन उरतच नाही. मग तुपावर ए-टू लिहून काय सांगायचं? ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षेचं नियमन करणाऱ्या एफएसएसएआयने पाकिटांवरचे असे दावे काढायला सांगितलं आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. आदेश मागे घेतला म्हणून तुपात प्रथिन येत नाही. आणि म्हशीचं दूधही ए-टूच असतं, हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

राहिलं केमिकल-फ्री. जनावर आजारी पडतं. गाईला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली तर सडात अँटिबायोटिक भरावं लागतं, आणि औषधाच्या पाकिटावर किती दिवस दूध वापरू नये ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस तिची धार वेगळी काढून ओतून देणं, एवढंच माझ्या हातात आहे. दुसरं, भिजलेल्या कडब्याला किंवा पेंडीला बुरशी लागली तर तिचं विष दुधात उतरतं आणि उकळूनही जात नाही. एफएसएसएआयच्या २०१८ च्या देशभरातल्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी आरोग्याला घातक भेसळ १२ नमुन्यांत निघाली, आणि बुरशीचं हे विष मर्यादेपेक्षा जास्त ३६८ नमुन्यांत. ग्राहकाने गोठेवाल्याला विचारायचं ते हेच: वैरण कोरडी कुठे ठेवता, आणि औषध चालू असलेल्या गाईचं दूध कुठे जातं?

या शनिवारी पाठवलेल्या ओळी अशा आहेत:

"सोमवार ते रविवार, गाय ७० रुपये, म्हैस ८५. संकलन केंद्रावरचा काल सकाळचा आकडा: गाय फॅट ४.१, एसएनएफ ८.५, म्हैस फॅट ७.०, एसएनएफ ९.१. धार पाचची, पोच साडेसात ते आठ, गाडीतलं तापमान ८ ते १० अंश. दूध कच्चं आहे, घेतल्यावर लगेच उकळा, बाहेर ठेवू नका. तांबूला दगडी झाली आहे, तिचं दूध गुरुवारपर्यंत रतीबात नाही, म्हणून गाईचं दूध रोज सहा लिटर कमी पडेल. अर्धा लिटरवर चालवून घ्याल का, ते उद्या दुपारपर्यंत कळवा. तूप चार किलो आहे, बुधवारी कढवलेलं, पेंड सरकीची चालू असल्यामुळे नेहमीपेक्षा कडक. खाडा असेल तर आदल्या रात्री नऊच्या आत सांगा."