लाल लाइट लागून राहिला

थंडी सरली आणि ऊन कडक व्हायला लागलं की माझ्या मोबाइलवर नागपूरच्या गच्च्या यायला लागतात. धरमपेठेतली गच्ची, मानेवाड्यातली गच्ची, हुडकेश्वरची गच्ची. खाली एकच ओळ असते: "भाऊ, हा लाल लाइट काऊन लागून राहिला? पाहून सांगा बरं."

आपण पाहतो. फोटोत गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा इन्व्हर्टर असतोच, पण त्याच्या काचेत सगळ्यात स्पष्ट दिसतात ते फोटो पाठवणारे काका स्वतः: बनियन, कपाळावर आठ्या, वर धरलेला मोबाइल आणि मागे पलंगावर पसरलेलं वाळवण. कुरडया मोजता येतील इतक्या स्वच्छ. एरर कोड जिथे असायला हवा, तिथे मात्र सूर्य.

उलट टपाली कळवलं की काका फ्लॅश लावून दुसरा फोटो काढतात. आता सूर्याच्या जागी फ्लॅश. मग जवळून तिसरा, त्यात नुसता लाल दिवा, भुवईमधल्या टिकलीएवढा. दिवा लाल आहे हे तर त्यांनी आधीच लिहून कळवलं होतं. काही इन्व्हर्टरवर प्रकाशणारे लाल आकडे असतात. ते डोळ्याला सलग दिसले तरी प्रत्यक्षात आळीपाळीने वेगाने लुकलुकत असतात. भर उन्हात कॅमेरा इतक्या झटक्यात फोटो टिपतो की अर्धे आकडे त्यात सापडतच नाहीत. मग काका छातीठोकपणे सांगतात, एरर 30 आहे. तो 300 असतो, 302 असतो किंवा 304, आणि एकाच कंपनीच्या यंत्रात या तिघांचे अर्थ वेगळे निघतात.

आणि लुकलुकणं तर फोटोत येणारच नाही. स्थिर लाल आणि लुकलुकणारा लाल यांत बऱ्याच यंत्रांवर फरक असतो, आणि फोटोत दोन्ही सारखेच लाल. म्हणून माझी मागणी ठरलेली: फोटो नको, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. फ्लॅश बंद. काचेवर छत्रीची नाही तर टॉवेलची सावली धरा. गॉगल काढा, कारण काही गॉगलांतून तो पडदा ठार काळा दिसतो आणि लोक कळवतात की डिस्प्ले जळाला. व्हिडिओत पडद्यावरची अक्षरं पुढे सरकू द्या, घाई करू नका. शिवाय बाजूच्या स्टिकरचा एक फोटो, म्हणजे मॉडेल कळेल. कोडचे अर्थ कंपनीगणिक बदलतात. लाइनचं व्होल्टेज मर्यादेपुढे गेलं, या एकाच दुखण्याला एक यंत्र `AC V Outrange` म्हणतं, दुसरं `OV-G-V01`. फोटो कधी काढला तेही लिहा. रात्री नऊला काढलेला काळ्या पडद्याचा फोटो पाठवून कोणी झोप उडवून घेऊ नये. बॅटरी नसलेले बहुतेक इन्व्हर्टर पॅनेलच्याच विजेवर जागे राहतात, सूर्य मावळला की तेही मावळतात.

एवढं झालं की पहिला प्रश्न: घरात लाइट आहे का? यावर नागपुरात हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, "लाइट नाही ना, म्हणून तर पाहायला गेलो! सोलर लावून काय फायदा?" ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइन गेली की मुद्दाम बंद होतो. नाही तर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. पडद्यावर `NO-GRID` किंवा `No AC Connection` दिसलं आणि अख्ख्या गल्लीत लाइट नसला, तर यंत्र ठणठणीत आहे. घरात लाइट असूनही हेच दिसत असेल, तर इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा एमसीबी पडला आहे का ते पाहा. लाल दिव्यांची बरीचशी प्रकरणं इथेच मिटतात.

खरी गंमत पुढच्या प्रकरणाची. मानेवाड्यातल्या एका काकांचा तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर. सकाळी दहापर्यंत हिरवा, अकरा ते दोन लाल-हिरवा लपंडाव, तीननंतर पुन्हा शहाण्यासारखा हिरवा. काकांचं निदान: "गरम होऊन राहिला." व्हिडिओत मात्र `OV-G-V01` आणि ट्रिप होण्याच्या क्षणी एसी व्होल्टेज 253.8. नाममात्र व्होल्टेज 230, त्याच्या 110 टक्के म्हणजे 253. ग्रिड त्यापुढे गेली की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत बाजूला व्हायचं, असा नियम आहे. मग थोडी वाट पाहून तो पुन्हा जोडून घेतो, पुन्हा वीज ढकलतो, पुन्हा 253 ओलांडतो. बिघाड कशात? इन्व्हर्टरमध्ये नाही.

वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला मीटरपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज ठेवावं लागतं. किती जास्त, ते वायर ठरवते. काकांच्या गच्चीवरून फाटकाजवळच्या मीटरपर्यंत 30 मीटर वायर, जायची-यायची मिळून 60. इलेक्ट्रिशियनने शिल्लक पडलेली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली होती. तिचा रोध किलोमीटरला 7.4 ओहम, म्हणजे 60 मीटरला सुमारे 0.44. तीन किलोवॅटला प्रवाह साधारण 13 अँपिअर. गुणाकार करा: पावणेसहा व्होल्ट. मीटरपाशी भर दुपारी 248 होते, ते इन्व्हर्टरपाशी पोहोचेपर्यंत 253.8. म्हणजे काकांनी पॅनेल लाखाच्या हिशोबात घेतले आणि वायर चुलतभावाच्या घरून उरलेली.

हे घरात बसून कळत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवायचं आणि स्वच्छ उन्हात, इन्व्हर्टर चालू असताना मल्टिमीटरने दोन ठिकाणी मोजायला लावायचं: इन्व्हर्टरच्या एसी टोकांवर आणि मीटरपाशी. दोन्हींत पाच-सहा व्होल्टचा फरक असेल तर दोष आपल्या वायरीत किंवा ढिल्या जोडात. मग इन्व्हर्टर बंद करून मीटरपाशी पुन्हा मोजायचं. तिथेच 250 च्या वर निघाले, तर प्रकरण डीपीवरचं. 1912 वर तक्रार नोंदवायची आणि दुपारी येऊन मोजा असं बजावून सांगायचं. संध्याकाळी गल्लीतले सगळे दिवे, टीव्ही, मोटारी चालू असताना कोणी मोजायला आलं, तर 232 दाखवून जाईल आणि काकाच खोटे ठरतील.

मे महिन्यात हा एरर अनेकदा आपोआप नाहीसाही होतो. प्रत्येक घरात कूलर सुरू होतात, गल्लीतली वीज गल्लीतच खपते, व्होल्टेज खाली येतं. काका म्हणतात, "उन्हाळ्यात दुरुस्त झाला, म्हणजे गरम व्हायचा प्रश्न नव्हता." इथपर्यंत बरोबर. "म्हणजे आता काही करायचं नाही." इथे चूक. पुढल्या फेब्रुवारीत तो परत येतो.

आणखी एक शॉर्टकट सांगणारे भेटतात: सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा 265 करा. वीज कंपनीला न विचारता हे करायचं नाही. शिवाय इन्व्हर्टर गप्प बसला तरी ते वाढीव व्होल्टेज घरातल्या फ्रिजला आणि टीव्हीला मिळणारच.

काकांनी शेवटी सहा चौरस मिलिमीटरची वायर ओढली. रोध किलोमीटरला 3.1 ओहम, चढ अडीच व्होल्टच्या आत, दुपारी पडद्यावर 250 च्या आसपास. तीन व्होल्टचीच सवड आहे, पण लाल दिवा गेला. त्याच संध्याकाळी साडेसहाला नवा व्हिडिओ आला, सावली धरून, फ्लॅश बंद करून, अगदी सांगितल्याप्रमाणे. खाली लिहिलं होतं: "भाऊ, आता हिरवा लुकलुकून राहिला. हे काय नवीन?" पडद्यावर `Waiting` होतं. पॅनेलचं व्होल्टेज पुरेसं उरलं नव्हतं, सूर्य तलावापलीकडे गेला होता. उत्तर दिलं, "काका, उद्या सकाळी सातनंतर पाहा."


सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.