रेटिंग प्लेटच्या फोटोबद्दल सर्व्हिस सेंटरचं उत्तर

★ "पत्र लिहिलं, बिल जोडलं, मिक्सरच्या प्लेटचा फोटोही पाठवला. तरी परत परत नंबरच विचारतात. वॉरंटी टाळायची आहे, दुसरं काही नाही."

नमस्कार ताई. ऐन लग्नसराईत मिक्सर बंद राहिला, त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. पण "वॉरंटी टाळायची" हे फार लागलं. वॉरंटीतल्या दुरुस्तीची मजुरी आम्हाला कंपनी देते. ती टाळून आमच्या पदरात काय पडणार?

तुमचा फोटो आत्ता पुन्हा मोठा करून पाहिला. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ७५० वॅट ठसठशीत दिसतं. खालची सीरियल नंबरची ओळ मात्र तेलकट आहे. तिच्यावर फ्लॅश पडून शेवटचे आकडे पांढरेफटक झालेत, आणि त्याआधीचं अक्षर B आहे की 8, ते आमच्या जुन्या मेकॅनिकलाही सांगता आलं नाही. ७५० वॅट हा मॉडेल नंबर नव्हे, ती मोटरची ताकद. एकाच कंपनीचे ७५० वॅटचे कितीतरी मिक्सर असतात आणि एकाचं आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, दुसऱ्यात बसेलच असं नाही.

बिलावर दुकानदाराने नुसतं "मिक्सर, १ नग" लिहिलंय. म्हणजे हे बिल याच मशीनचं, हे दाखवणारा पुरावा तो सीरियल नंबरच. कंपनीच्या पोर्टलवर तो तंतोतंत टाकल्याशिवाय तक्रार नोंदवताच येत नाही. अंदाजाने टाकला असता, तर क्लेम नामंजूर झाला असता आणि आर्मेचरचे पैसे तुमच्याकडे मागायची वेळ आली असती. मग खरंच बोल लागला असता. म्हणून विचारत राहिलो.

आता एवढं करा. प्लग काढा, भांडं उतरवा, मिक्सर फडक्यावर उलटा ठेवा. प्लेट पिळलेल्या ओल्या फडक्याने हलकेच पुसा, घासू नका, छपाई निघते. फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडात, मोबाइल प्लेटच्या बरोबर वर धरून एक फोटो पूर्ण प्लेटचा आणि एक फक्त सीरियलच्या ओळीचा काढा. तो नंबर हातानेही लिहून पाठवा; मशीन तिरपं करून तुम्हाला जे वाचता येतं, ते फोटोत उतरत नाही. पत्रात "चालत नाही" एवढंच आहे. मोटर गुणगुणते, जळका वास येतो की अगदी गप्प आहे, तेही लिहा. गप्प असेल तर बुडाशी असलेलं ओव्हरलोडचं बटण मोटर थंड झाल्यावर एकदा दाबून बघा.

जमत नसेल तर मशीनच घेऊन या, नंबर आम्ही वाचू, त्याचे पैसे नाहीत. फोनवर नीट समजावून सांगायचं आमच्या मुलांनाही सांगतो. सोलापुरात आमचं गिऱ्हाईक एकमेकांच्या सांगण्यावरूनच येतं, ताई. काम झाल्यावर पटलं, तर हा एक स्टार तेवढा बदला.