अष्टाक्षरीतलं रताळं

कविता कागदावर असते तोवर फार गुणी असते. माझी अष्टाक्षरीही तशीच होती. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, बोटांवर मोजून घेतलेली:

रात तळ्यात उतरे
चंद्र दारात थबके

खड्या आवाजात वाचली, तर स्वयंपाकघरातून बायकोचा प्रश्न आला, "रताळ्यात काय उतरलं?"

त्या दिवशी चतुर्थी होती हे मान्य, पण दोष उपासाचा नव्हता. 'रात'च्या शेवटचा 'अ' आपण लिहितो, बोलत नाही. तोंडात 'रात्' एवढंच येतं आणि पुढे लगेच दुसरा 'त' उभा. मधली फट बुजते नि 'रात्तळ्यात' असा एकच गोळा बाहेर पडतो. टेबलावर टिचक्या मारत पुन्हा म्हटलं: रात्, तळ्, यात्, उत्, रे. ठोके पाचच! खालच्या ओळीला सहा. उरलेली अक्षरं कागदावर नुसती हजेरी लावायला आली होती.

मग मी चाल लावली. ओवीसारखं लांबवून म्हटलं की गिळलेले 'अ' परत येतात आणि लंगडी ओळही ऐटीत चालते. म्हणूनच स्वतःची कविता गाऊन तपासू नये. नुसतं वाचूनही भागत नाही, कारण काय म्हणायचंय ते आपल्याला आधीच ठाऊक असतं आणि जीभ सांभाळून घेते.

शेवटी पुतण्याला बसवलं. तो काहीही वर्तमानपत्रासारखं वाचतो. मी पेन्सिल घेऊन समोर. एकदा अडखळला तर सोडून द्यायचं, पुन्हा तिथेच अडखळला तर खूण करायची. तो 'रात तळ्यात'पाशी दोनदा अडला आणि म्हणाला, "काका, कुणाची आहे ही?"

"आहे एका जुन्या कवीची," मी म्हणालो.

'रात'चं 'रात्र' केलं. अक्षरं तेवढीच, पण जोडाक्षराच्या शेवटचा 'अ' गिळता येत नाही, त्यामुळे दोन 'त' वेगळे राहिले. रताळं गेलं. लगेच पुतण्या म्हणाला, "तळ्यात कुत्रे?" 'तळ्यात उतरे' भरभर म्हणून बघा, त्याची चूक नाही. मी 'रात्र तळ्यामध्ये आली' असं करून पाहिलं. ठोके चोख आठ, अडखळणं शून्य, आणि रात्र एसटीसारखी आली. 'उतरे' निमूट परत घेतलं. 'तळ्यात'नंतर श्वास घ्यायचा, एवढंच ठरवलं.

दुसऱ्या ओळीत 'त' आणि 'थ'ची टक्कर होती. तिच्यावर मी विचार करेपर्यंत पुतण्याने वाचून टाकलं, "चंद्र दाराशी थबके." लिहिलं होतं 'दारात', जिभेला जे सोपं वाटलं ते त्याने वाचलं. टक्कर गेली, वर एक ठोकाही वाढला. मी घाईघाईने दुरुस्ती केली.

आता तो म्हणतो, जुन्या कवीच्या नावाखाली माझंही नाव घाला.