‘साधारण तिकडेच’ म्हणायची कला

चौकटींचा कागद नाही, बाहुल्या नाहीत, सगळी मारामारी डोक्यातल्या डोक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी या कल्पनेतल्या साहसांच्या खेळाचा डाव असा चालवायचा ठरवलात, छान केलंत. आता एकच पथ्य पाळा: कोण कुठे उभं आहे, हे कुणाला कळू देऊ नका. स्वतःलासुद्धा नाही.

सुरुवात वर्णनाने करा. समजा, पडकी सराई आहे, आत सहा गॉब्लिन. मग चंद्रप्रकाश, ओली शेवाळ, भिंतीवरची पुसट चित्रं यांवर पाच मिनिटं बोला. विहीर कुठे, जिना कुठे, असल्या रूक्ष गोष्टी राहू द्या. काही डीएम, म्हणजे तुमच्यासारखेच डाव चालवणारे, मात्र अरसिक असतात. ते सांगतात, “तीन जागा आहेत. दरवाजा, मधली विहीर आणि वरचा सज्जा. एका खेपेत एका जागेवरून शेजारच्या जागेवर जाता येतं. धावलात तर दोन जागा.” बसल्या बसल्या तीन चिठ्ठ्यांवर ही नावं लिहून टेबलावर ठेवतात. संपलं काव्य!

गॉब्लिनांना नावं देऊ नका. ‘पहिला’, ‘दुसरा’, ‘तो दुसरा नव्हे, आधीचा दुसरा’ एवढं पुरे. एकाला तुटका कान, एकाच्या डोक्यावर पातेलं, असं काही चिकटवलंत की खेळाडूंना तो चेहऱ्यानिशी लक्षात राहतो आणि मग फसवता येत नाही.

अंतर विचारलं की “असेल साधारण तीस फूट” म्हणा. पुढच्या फेरीत चाळीस म्हणा. खरं तर लढाईत फुटांपेक्षा एकच गोष्ट जास्त विचारली जाते: कोण कुणाला भिडलंय आणि कोण मोकळं आहे. म्हणूनच ती सांगू नका. फाइटर विहिरीपाशी दोन गॉब्लिनांना भिडलेली असते, ती म्हणते, “मी दरवाजाकडे पळते.” तुम्ही मान डोलवा. ती पळाली, की मगच जाहीर करा, “अगं, त्यांच्या टप्प्यातून बाहेर पडलीस ना? दोघांचा एकेक वार.” अरसिक डीएम आधीच बजावतो: “निघालीस तर दोघेही वार करतील, चालेल?” ती म्हणते, “मग मी पाय रोवते.” पात्राला डोळे असतात आणि खेळाडूला नसतात, हे त्याच्या मनाने घेतलेलं असतं.

आता मुख्य सोहळा, फायरबॉल नावाचा आगीचा मंत्र. 20 फूट त्रिज्येचा गोळा, आठ फासे, सरासरी 28 नुकसान, हुकवलं तरी निम्मं. विझार्ड विचारतो, “कितीजण सापडतील?” इथवर धूसरपणा नीट सांभाळला असेल, तर आता उत्तर तुमच्या मर्जीवर. कालच्या पिझ्झ्याचे पैसे त्याने दिले असतील तर पाच, नसतील तर एक. आणि फाइटर होरपळली की म्हणा, “तू विहिरीपाशीच होतीस ना?” ती म्हणेल, “मी तर मागे सरकले होते!” पुढचा पाऊण तास पुराव्यांत निघून जाईल, म्हणजे उरलेल्या सराईची तयारी करायला नको.

वाईट बातमी अशी की डीएमसाठीच्या 2014च्या पुस्तकात याचा साधा हिशेब दिलेला आहे. गोळा असेल तर त्रिज्येला पाचाने भागा: फायरबॉलमध्ये चारजण. शंकूच्या आकाराचा मंत्र असेल तर लांबीला दहाने भागून अपूर्णांक वर न्या: बर्निंग हँड्सचे 15 फूट म्हणजे दोघे. गर्दी दाट की विरळ, ते पाहून आकडा थोडा वरखाली करायची मुभाही आहे. याच्या जोरावर अरसिक डीएम चक्क सौदा करतो: “विहिरीपाशी चार आहेत. त्यातले मोकळे दोघे बिनघोर मिळतील. फाइटरला भिडलेलेही हवे असतील तर चारही मिळतील, पण तीही सापडेल.” विझार्ड फाइटरकडे बघतो, फाइटर तिच्या उरलेल्या हिट पॉइंट्सकडे. भांडण होतंच, पण ते आपापसात. तुमचं नाव कुठे येत नाही. असलं मोठेपण काय कामाचं?

प्रत्येकाच्या पाळीआधी दोन वाक्यांत परिस्थिती सांगण्याचं खूळही टाळा. “फाइटर विहिरीपाशी, तुटका कान आणि पातेलं तिच्यावर. दोन तिरंदाज सज्जावर, मोकळे. तू दरवाज्यात. काय करतोस?” याला दहा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात मोबाइलमध्ये बुडालेला रोग मान वर काढतो. (रोग म्हणजे चोर, आजी ऐकत असेल तर हे आधी सांगून ठेवा.) मान वर काढली की प्रश्न आले.

एक कबुली मात्र द्यायला हवी. तीनाच्या सहा जागा झाल्या, शत्रू दहाच्या वर गेले किंवा अरुंद बोळात कोण पुढे आणि कोण मागे यावर सगळं ठरणार असलं, की त्या अरसिकांचंही डोकं चालेनासं होतं. ते निमूटपणे पाठकोऱ्या कागदावर चार रेघा ओढतात. तुम्ही असा कमीपणा घेऊ नका. सज्जावर दोन तिरंदाज होते, हे तिसऱ्या फेरीपासून तुम्हीही विसरलेले आहात. शेवटचा गॉब्लिन पडतो, खेळाडू टाळ्या देतात, चिवड्याकडे हात जातात. आत्ता. आत्ता म्हणा, “सज्जावरून बाण येतो.”