‘सडेतोड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सडेतोड: «तीन महिने वहीत नोंदी ठेवल्या म्हणजे निर्णय आधीच झाला होता, नंतर फक्त कागद जमवले. वर झोप लागत नव्हती म्हणून सहानुभूती मागता. मॅनेजर झाल्याची हवा डोक्यात गेली मॅडम, दुसरं काही नाही. गरिबाच्या पोटावर पाय देऊन ब्लॉग लिहायला लाज वाटायला हवी.»

सडेतोड साहेब,

टॉवेलच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून मी एका डिस्पॅच क्लार्कला कामावरून कमी केलं, त्यावर मागचा लेख होता आणि त्याच्यावर तुमची ही प्रतिक्रिया. टोपणनावाच्या आडून दुसऱ्याची लाज काढणं सोपं असतं. मी स्वतःच्या नावानं लिहिते, आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली मला ओळखणारी निम्मी माणसं हे वाचतात. मत पटलं नाही तर तसं सांगा, ऐकून घेईन. पण ‘मॅडम’ लिहून पुढच्याच ओळीत चिखल फेकायचा, ही कुठली रीत?

एक मान्य करते. हिशेबाचं मागच्या लेखात लिहायचं राहिलं, त्यामुळे माणसाला नुसतं गेटबाहेर काढलं असं एखाद्याला वाटू शकतं. तर ऐका. त्या क्लार्कच्या नोकरीची तीन वर्षं पूर्ण झाली होती. दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे पंचेचाळीस दिवसांचा; महिन्याच्या नोटिशीऐवजी महिन्याचा पगार; शिवाय चालू महिना आणि शिल्लक रजा. सगळं त्याच दिवशी, पत्राबरोबर. कामगाराला कमी करताना भरपाई त्याच वेळी हातात पडली पाहिजे, ही 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातली अट, आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तशीच आहे. पैसे ‘नंतर बघू’ म्हटलं तर सगळी कारवाईच कोर्टात ढासळते. मी उपकार केले असं म्हणत नाही. फक्त पाय पोटावर होता की नाही, ते यावरून ठरवा.

आता तुमचं पहिलं वाक्य. तेच मनाला लागलं, म्हणून त्यावरच लिहिते.

आमचा माल टेरी टॉवेल. सत्तर बाय एकशे चाळीस सेंटिमीटरचा, साडेचारशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅमचा टॉवेल साधारण चारशे एक्केचाळीस ग्रॅम भरतो. चोवीस नगांचा कार्टन खोक्यासकट साडेअकरा किलोच्या आसपास जातो. आसपास म्हणते, कारण सुती माल हवेतली ओल धरतो. एक खोकं 11.42 भरेल, दुसरं 11.57. पण नग एक जरी कमी पडला तरी काटा थेट 11.06 वर येतो. म्हणून प्रत्येक खोकं काट्यावर चढवायचं आणि आकडा पॅकिंग लिस्टमध्ये टाकायचा. टेप लागल्यावर नगांची चूक पकडायची ही शेवटची जागा. पुढं माल न्हावाशेवा बंदरात जातो, आणि मग खोकं थेट परदेशातल्या गोदामात उघडतं.

नग कमी निघाले म्हणून पैसे कापल्याची खरेदीदाराची पहिली डेबिट नोट आली तेव्हा मी ती लिस्ट काढून बसले. एकशे वीस खोकी आणि एकशे वीसच्या एकशे वीस ठिकाणी 11.50. सुती मालाच्या दोन खोक्यांचं वजन जुळतं कधीतरी. एकशे वीसचं जुळत नाही. पहिलं खोकं मोजून तोच आकडा खाली ओढला होता.

त्या दिवसापासून वही सुरू झाली, आणि पहिलं पान क्लार्कबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. काटा बरोबर आहे का? प्रमाणित वजन ठेवून बघितलं, बरोबर होता. महिनाअखेरीला तीन कंटेनर एकदम भरायचे असतात, तेव्हा एकट्या माणसाला वेळ पुरतो का? नाही पुरत. मग मालकांकडून एक हेल्पर मागून घेतला. क्लार्कना समोर बसवून लिस्ट दाखवली आणि सांगितलं, ‘सलग तीन कंटेनरची वजनं खरी येऊ द्या, हा विषय मी परत काढणार नाही.’ ‘जरा बघून काम करत जा’ असं मोघम बोलले नाही. मोघम बोललं की समोरच्याला कळत नाही नक्की काय बदलायचंय, आणि आपल्याला मात्र सांगितल्याचं समाधान मिळतं.

पहिल्या कंटेनरची वजनं वेगवेगळी आली. 11.44, 11.53, 11.49. मला किती बरं वाटलं ते तुम्हाला कळायचं नाही. वहीत तेही लिहिलंय, तारखेसकट. निर्णय आधीच झाला असता तर हे कशाला लिहिलं असतं? दुसऱ्याला निम्म्या खोक्यांनंतर पुन्हा 11.50 ची रांग. तिसऱ्याला सगळीच. मधे त्यांना चेकिंग टेबलावर बसवून बघितलं, तिथं ओढलेले लूप असलेला सेकंडचा, म्हणजे दुय्यम प्रतीचा माल फर्स्टमध्ये गेला. नोंदी निर्णयाआधीच्या की नंतरच्या, हे ओळखायला वहीच बघा. नुसत्या चुका असतील तर माणूस हेरलेला असतो. काय केलं म्हणजे विषय मिटेल हेही लिहिलं असेल, सुधारणा दिसल्यावर तीही टिपली असेल, तर दार उघडं असतं. माझ्या वहीत तिन्ही आहे. लेखातही होतं. तुम्ही तिथवर पोचलात का, शंका आहे.

कागद जमवायचाच असता तर मी पत्रात ‘निष्काळजी’ लिहिलं असतं. लिहिलं नाही. दोष ठेवून काढायचं तर आरोपपत्र द्यावं लागतं, चौकशी करावी लागते, त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं. ते न करता डाग लावणं कायद्यात बसत नाही आणि माणुसकीतही नाही. शिवाय तो कागद पुढच्या नोकरीच्या दारात त्यांना आडवा आला असता.

आणि बेकारी मला शिकवू नका. माझे वडील इथल्याच एका गिरणीत होते. गिरणी बंद झाली तेव्हा पत्र नाही, हिशेब नाही, सकाळी गेटला कुलूप. आईनं विड्या वळून घर चालवलं. म्हणूनच हिशेबाचा चेक तयार असल्याशिवाय मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं नाही.

झोपेबद्दल. सहानुभूती मागायला ते लिहिलं नव्हतं. ते गेले त्या संध्याकाळी मला आधी हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचाच नंतर त्रास झाला. रोज उठून फोन करावासा वाटायचा, ‘कसं चाललंय’ म्हणून. एकदा केला. त्यांनी दोन शब्दांत उरकलं, तेव्हा लक्षात आलं की फोन मला बरं वाटावं म्हणून होता, आणि त्यासाठी त्यांना माझी समजूत घालायला लावत होते. पुन्हा केला नाही. दुसरी खोड याहून वाईट: हेल्परच्या लिस्टमध्ये एक चूक दिसली आणि मी न बोलता स्वतःच दुरुस्त केली, का तर कुणाला बोलायचं त्राण नव्हतं. असं चाललं असतं तर सहा महिन्यांनी त्याचीही तीच गत झाली असती. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून दाखवलं. आता त्यांच्याबद्दल दुसऱ्या कारखान्यातून विचारणा आली तर मी नोकरीच्या तारखा सांगते आणि कागदपत्रं नीट लावायचे हे सांगते, कारण ते खरंच लावायचे. वजनाच्या कामाला घेऊ का विचारलं तर नको म्हणते. खोटी शिफारस केली तर तेच दुःख दुसऱ्या गेटवर जाईल.

हवा वगैरेला उत्तर देत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एका माणसाचं नाव आणि एका कारखान्याचं नाव होतं, ते मी काढून टाकलंय. अंदाज बरोबर होता की चूक, ते सांगणार नाही. पुढं लिहायचं असेल तर मला हवं ते बोला, प्रसिद्ध करीन. त्यांचं नाव परत टाकलंत तर अख्खी प्रतिक्रिया उडवेन.