पीपीएम गुणिले २.२४: केळीच्या बागेत हे गणित कुठे फसते

"मातीचा रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये असेल तर आधी त्याचे पीपीएम करून घ्या. मग प्रत्येक आकडा २.२४ ने गुणा, हेक्टरी किलो मिळतात. एकराला अडीचने भागा. तेवढं खत जमिनीत आहेच, ते शिफारशीतून वजा करा आणि उरेल तेवढंच टाका. पोटॅशचा निम्मा खर्च वाचतो."

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात हा मजकूर मृगबागेच्या लागवडीआधी हमखास फिरतो. पोटॅशची गोणी महाग झालेली असताना तो पटतोही लवकर, कारण त्यातला एक भाग बरोबर आहे, एक भाग अर्धवट बरोबर आहे आणि उरलेला बाग उपाशी ठेवणारा आहे.

पहिल्या वाक्यातले काम मुळातच अनावश्यक आहे. एका किलोत दहा लाख मिलिग्रॅम असतात, म्हणून एका किलो मातीतला एक मिलिग्रॅम म्हणजेच दहा लाखांत एक भाग, आणि पीपीएम म्हणजेही तेच. मातीच्या बाबतीत दोन्ही एककांचा आकडा तोच राहतो. कशाने गुणायचे नाही, भागायचेही नाही. एकरासाठी अडीचने भागण्याची सूचना व्यवहारापुरती ठीक आहे.

२.२४ हा आकडा मात्र निसर्गनियम नाही. एक एकर जमिनीचा नांगरटीचा वरचा थर २० लाख पौंड वजनाचा असतो, असे जुन्या काळी धरले गेले. त्याचे हेक्टरात आणि किलोत रूपांतर केले की सुमारे २२.४ लाख किलो होतात. खोली १५ सेंटिमीटर आणि मातीची स्थूल घनता दर घनसेंटिमीटरला दीड ग्रॅमच्या जवळ असेल, तरच हे वजन जुळते. खरे सूत्र असे आहे:

```
हेक्टरी किलो = पीपीएम × खोली (सेंमी) × स्थूल घनता ÷ १०
```

तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीची घनता १.३ धरली, तर गुणक २.२४ ऐवजी १.९५ येतो. नमुना ३० सेंटिमीटरपर्यंत घेतला असेल, तर तो जवळपास दुप्पट होतो. साक्रीकडच्या किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड जमिनीत आणखी एक अडचण असते. प्रयोगशाळा २ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेलीच माती तपासते; चाळणीवर राहिलेले खडे शेतात जागा अडवतात, पण रिपोर्टमध्ये दिसत नाहीत. त्यामुळे तिथे कोणताही ठोकळ गुणक प्रत्यक्षाहून जास्त साठा दाखवतो.

असे असले तरी, "कमी, मध्यम, जास्त" ही वर्गवारी पाहण्यासाठी २.२४ च वापरावा, असे माझे मत आहे. वर्गवारीचे हेक्टरी किलोतले तक्ते याच ठोकळ वजनावर बेतलेले असल्याने तिथे स्वतःच्या शेताची घनता घातली, तर मोजपट्टी एक आणि माप दुसरे असा प्रकार होतो. खरी घनता प्रत्यक्ष साठ्याच्या अंदाजासाठी लागते, तक्त्यासाठी नाही.

"प्रत्येक आकडा" हे शब्द विशेष घातक आहेत. बहुतेक रिपोर्टमध्ये उपलब्ध नत्र, स्फुरद आणि पालाश आधीच हेक्टरी किलोत छापलेले असतात, तर जस्त, लोह यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये पीपीएममध्ये असतात. हेक्टरी १८० किलो नत्र २८० च्या खाली, म्हणजे "कमी" गटात येते. तोच आकडा पुन्हा २.२४ ने गुणला की ४०३ होतो आणि जमीन कागदावर "मध्यम" ठरते. जस्ताचे उलट आहे. त्याची मर्यादा पीपीएममध्येच ०.६ धरली जाते, म्हणून ०.४ पीपीएम ही कमतरता आहे, गुणून ०.९ केले की कमतरता नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि झिंक सल्फेट टाकायचे राहून जाते. केवळ आकडा पाहून एकक ओळखता येत नाही, कारण काळ्या जमिनीत पालाश ३१० पीपीएमही असू शकते आणि हेक्टरी ३१० किलोही. आकड्याशेजारचा एककाचा रकाना वाचण्याला पर्याय नाही.

आता वजाबाकीकडे वळू. एका बागेच्या रिपोर्टमध्ये पालाश ३१० मिलिग्रॅम प्रति किलो आहे, असे समजा. २.२४ ने गुणले की हेक्टरी ६९४ किलो येतात. पण हे मूलद्रव्य पोटॅशियम झाले. खताच्या गोणीवरची टक्केवारी ऑक्साइडच्या रूपात असते, म्हणून आणखी १.२ ने गुणावे लागते आणि ८३३ किलो होतात. (स्फुरदासाठी हा गुणक २.२९ आहे आणि तो विसरला तर चूक दुपटीहून मोठी होते.) दीड बाय दीड मीटरच्या लागवडीत हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडे बसतात, झाडामागे २०० ग्रॅम पालाश धरले, तर गरज ८८९ किलोची. संदेशाप्रमाणे वजाबाकी केली की उरतात ५६ किलो, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशच्या पुरत्या दोन गोण्याही नाहीत. शिफारशीप्रमाणे सुमारे ३० गोण्या लागल्या असत्या. निम्मा खर्च कसला, जवळजवळ सगळाच वाचतो. हिशेब चुकल्याची शंका इथेच यायला हवी होती.

चूक "उपलब्ध" या शब्दाच्या अर्थात आहे. प्रयोगशाळेत मातीचा लहानसा नमुना अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात काही मिनिटे हलवतात आणि द्रावणात उतरलेले पालाश मोजतात. द्रावण मातीच्या प्रत्येक कणाला भिडते. केळीचे मूळ भिडत नाही. ठिबकवरच्या बागेत मुळे मुख्यतः नळीलगतच्या ओल्या पट्ट्यात असतात आणि दोन ओळींमधल्या कोरड्या मातीतले पालाश हिशेबात धरले गेले, तरी झाडाला मिळत नाही. शिवाय आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असल्याने पालाशाच्या शोषणात स्पर्धा होते. म्हणून चाचणीचा आकडा हा कोठारातल्या पोत्यांची मोजदाद नसून, खत टाकल्यास पीक कितपत प्रतिसाद देईल याचा निर्देशांक आहे.

मातीतला साठा वजा करणारी शास्त्रीय पद्धत आहे, हे मान्य केले पाहिजे. अपेक्षित उत्पादनावर आधारित खत समीकरणांत चाचणीचा आकडा वजा होतो, पण त्याआधी तो त्या पिकासाठी शेतातल्या प्रयोगांतून काढलेल्या गुणांकाने गुणला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने अशी समीकरणे दिली आहेत. त्यांत आकडा कोणत्या एककात आणि मूलद्रव्य की ऑक्साइड या रूपात घालायचा, हे ठरलेले असते, तिथे २.२४ आणि १.२ यांची अचूकता खरोखर कामी येते. एका पिकाचे समीकरण दुसऱ्याला लावता येत नाही.

समीकरण हाताशी नसेल, तर वर्गवारीनुसार शिफारस कमीजास्त करण्याची रीत आहे. आपल्या उदाहरणात पालाश स्पष्टपणे "जास्त" गटात आहे; त्यासाठी २५ टक्के कपात केली, तर झाडामागे १५० ग्रॅम पालाश, म्हणजे २५० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश लागते. हेक्टरी हे सुमारे १,१११ किलो, म्हणजे २२ गोण्या होतात. आठ गोण्या तरीही वाचतात. संदेशाचा हिशेब धरला, तर झाडाला वर्षभरात २१ ग्रॅमच म्युरेट ऑफ पोटॅश मिळेल. त्याचा परिणाम आधी जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपण्यात आणि पुढे घडातली केळी नीट न भरण्यात दिसतो. तोवर निसवण झालेली असते आणि राहिलेली मात्रा देण्याचा बराचसा काळ निघून गेलेला असतो.